लागलं का, लागलं ना, लागलं नाही ना

सायकल शिकणारं पोर गल्लीच्या तोंडाशी आपटतं. आजूबाजूची तीन माणसं धावत येतात आणि तिघंही साधारण एकच विचारतात. पहिला म्हणतो, "लागलं का?" दुसरी म्हणते, "लागलं नाही ना?" तिसरे आजोबा, ज्यांनी पाचच मिनिटांपूर्वी हळू चालवायला बजावलेलं असतं, ते म्हणतात, "लागलं ना?"

क्रियापद एकच, गुडघा एकच. तरीही पोराला तिघांच्या मनातलं नेमकं कळतं. पहिल्याला खरोखर माहीत नाही, त्याला माहिती हवी आहे. दुसरीला भीती वाटते आहे आणि उत्तर "नाही" यावं अशी तिची इच्छा आहे. आजोबांना उत्तर नकोच आहे. लागलं आहे हे त्यांना दिसतंय, त्यांना ते पोराकडून कबूल करून घ्यायचं आहे. आणि पोर रडं आवरून म्हणालं, "लागलं की!" तर त्यात "हे काय विचारणं झालं" असा चौथाच सूर येतो.

‘का’, ‘ना’, ‘की’ ही एकेका अक्षराची अव्ययं आहेत. अशा बारक्या शब्दांकडे वाक्यातली भरताड म्हणून पाहायची जुनी सवय आहे. शाळेच्या व्याकरणात ‘म्हणे’, ‘आपला’, ‘मेला’ यांच्या वाट्याला तर ‘व्यर्थ उद्गारवाची’ असं नावही आलं. पण लहान वाक्यात भरतीला जागाच नसते. दोन शब्दांच्या वाक्यातला एक शब्द ‘ना’ असेल, तर त्या वाक्याचं निम्मं काम तोच करत असतो. हे काम म्हणजे नुसतं प्रश्न विचारणं नव्हे. बोलणाऱ्याला आधीच किती ठाऊक आहे, त्याचा कल कुठे आहे आणि समोरच्याकडून त्याला काय ऐकायचं आहे, हे ती अव्ययं सांगतात.

यातला ‘का’ त्यातल्या त्यात सरळमार्गी. "गाडी आली का?" असं विचारणाऱ्याला ‘आली’ आणि ‘नाही आली’ ही दोन्ही उत्तरं चालणार असतात. निदान तो तसं दाखवतो. मराठीत हा ‘का’ क्रियापदाच्या मागून, वाक्याच्या शेवटी येतो. हिंदीतला ‘क्या’ याच कामासाठी बहुधा वाक्याच्या सुरुवातीला येतो, म्हणून हिंदी ऐकणाऱ्याला पहिल्या शब्दालाच कळतं की प्रश्न येतोय. मराठी ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत थांबावं लागतं. थांबणं कंटाळवाणं होऊ नये म्हणून बोलणारा सूर चढवत नेतो, आणि कित्येकदा त्या चढत्या सुरावरच भागतं. "आलास?" एवढंही पुरतं. मात्र "आलास?" आणि "आलास का?" यांत फरक आहे. दारात उभ्या असलेल्या माणसाला "आलास?" म्हटलं तर ते स्वागत होतं. त्यालाच सूर खाली टाकून "आलास का!" म्हटलं की त्यात उशिराबद्दलची कुरकूर मिसळते.

‘का’ची जागा हलली की अर्थच पालटतो. "येत नाहीस का?" हा हो-नाहीचा प्रश्न. "येत का नाहीस?" म्हणजे कारण सांग. "तो का हसला?" आणि "तो हसला का?" यांत तर शब्द तेच आहेत, फक्त क्रम वेगळा. क्रियापदाच्या आधीचा ‘का’ कारण विचारतो, नंतरचा ‘का’ खात्री करून घेतो. जुन्या छपाईत ‘कां’ असा अनुस्वार दिलेला आढळतो. 1962 मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले, उच्चारात नसलेले अनुस्वार गेले आणि त्यांबरोबर हाही गेला. त्याने फारसं कुणाचं अडलं नाही, कारण जागेवरूनच कळतं. गावाकडच्या बोलीत मात्र आणखी एक ‘का’ आहे. "गाडी आली का फोन कर" या वाक्यात प्रश्न नाहीच. गाडी आल्याबरोबर फोन कर, एवढाच निरोप आहे. शहरात वाढलेला माणूस हे ऐकून "आली का ते बघून फोन करायचाय" असं समजतो. ‘का’नंतर किंचित थांबलं तर प्रश्न, न थांबता पुढे गेलं तर अट. लिहिताना हे काम स्वल्पविरामाला करावं लागतं.

आता ‘ना’. ‘का’ दार उघडं ठेवून उभा असतो; ‘ना’ एक पाय आत टाकूनच बोलतो. "चावी घेतलीस का?" आणि "चावी घेतलीस ना?" हे दोन प्रश्न घर सोडताना रोज कुठे ना कुठे विचारले जातात. दुसऱ्यात विचारणाऱ्याने असं धरलेलं असतं की चावी घेतलेलीच आहे, फक्त तेवढं ‘हो’ ऐकायचं बाकी आहे. म्हणून चावी घेतली नसेल तर "घेतलीस का?"चं उत्तर सोपं असतं. "घेतलीस ना?"ला "नाही" म्हणताना समोरच्याची अपेक्षा मोडल्याचं ओझं येतं. माणूस नुसतं "नाही" म्हणत नाही, त्याला "अगं, राहिलीच" असं काहीतरी पुढे जोडावं लागतं.

‘ना’ प्रश्नचिन्ह नाही, तो विधानाला लागलेला दुजोऱ्याचा आकडा आहे, हे तपासायची एक साधी युक्ती आहे. प्रश्नार्थक शब्दाबरोबर तो लावून पाहावा. "कुठे निघालास ना?" हे कुणी मराठी माणूस म्हणत नाही. जे ठाऊकच नाही त्याला दुजोरा कसा मागणार? पण "किती उकडतंय ना!" हे मात्र रोज ऐकू येतं. ‘किती’ हा एरवी प्रश्नाचा शब्द, पण इथे तो उद्गार आहे. उकडतंय हे बोलणाऱ्याने ठरवून टाकलंय आणि तो फक्त सोबत मागतोय. बसथांब्यावर अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात करायची तर "उकडतंय का?" म्हणून चालत नाही, विचारणारा वेडाच वाटेल. "उकडतंय ना!" चालतं, कारण त्याला माहिती नकोच आहे.

‘ना’ आज्ञार्थालाही लागतो, ‘का’ लागत नाही. "दे ना", "बस ना", "सांग ना" यांत दुजोरा मागण्यासारखं काही दिसत नाही. पण बारकाईने पाहिलं तर काम तेच आहे: तू देशीलच, असं मी धरून चालतोय, फक्त हो म्हण. लाडीगोडी आणि हट्ट या दोन्हींना ‘ना’ लागतो तो यामुळेच. स्वर लांबवला की हट्ट वाढतो, आणि मराठी छपाईने त्यासाठी अवग्रहाची सोय करून ठेवलेली आहे: "दे नाऽऽ".

‘ना’ म्हणजे खात्रीच असते, असं मात्र नाही. "पाऊस पडेल ना?" असं पेरणी करून बसलेला माणूस विचारतो तेव्हा त्याला काहीच खात्री नसते. त्याची इच्छा मात्र पक्की असते. "बाबा येतील ना?" विचारणाऱ्या मुलीचंही तेच. म्हणजे बोलणाऱ्याचा कल एका उत्तराकडे आहे, एवढंच ‘ना’ सांगतो. तो कल माहितीतून आलाय की आशेतून की रागातून, हे सुरावरून आणि प्रसंगावरून ओळखायचं. पडलेल्या पोराला आजोबा तुटक सुरात "लागलं ना?" म्हणाले तर तो ठपका. आईने तेच शब्द ओढून, खालच्या आवाजात म्हटले तर ती फुंकर. दोघांनाही ठाऊक एकच आहे, लागलंय. फरक आहे तो त्या माहितीचं काय करायचं याचा.

सुराची उठाठेव ऐकायची तर प्रश्न आणि उत्तर दोन्हींत ‘ना’ असलेला संवाद घ्यावा. "गॅस बंद केलास ना?" यातला शेवटचा ‘ना’ वर जातो. "केला ना!" यातला खाली येतो, आणि त्याबरोबर जराशी चिडचिड उतरते: कितीदा विचारशील? त्याजागी "केला की" म्हटलं तर चिडचिड बरीच निवते. ‘की’ म्हणतो, हे तर उघडच आहे, काळजी नको. "केला." असं नुसतं म्हटलं तर दोन्ही नाही, कोरी माहिती. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या घरात या तीन उत्तरांतला फरक समजावून सांगावा लागत नसावा.

‘की’चं राज्य पश्चिम महाराष्ट्रात जास्त. सातारा-कोल्हापूरकडे "ये की", "बस की", "खा की" हा आग्रह इतका सहज असतो की "ये ना" त्यापुढे नाजूक, शहरी वाटतं. तिकडेच दुजोऱ्यासाठी ‘न्हवं’ वापरतात: "येणार न्हवं?" हा ‘नव्हे’. प्रमाण मराठीतला "नाही का?" हाही नकारच, आणि "हो की नाही?" यात तो उघडच दिसतो. लहान मुलांच्या तोंडचं "मी किनई, काल किनई" हे त्याच ‘की नाही’चं झिजलेलं रूप. कोकणीतही नकाराचा ‘न्हय’ असाच वाक्याच्या शेपटीला येऊन दुजोरा मागतो. फ्रेंचांचं ‘नेस पा’, पोर्तुगीजांचं ‘नॅ’ आणि इंग्रजांचं ‘इजन्ट इट’ यांच्याही पोटात नकार दडलेला आहे. दुजोरा मागताना माणसं उलट शक्यता समोर ठेवतात आणि ती खोडून काढायला लावतात, हे इतक्या भाषांत दिसतं की त्याला निव्वळ योगायोग म्हणवत नाही. योगायोग पाहायचाच असेल तर तो जपानीत आहे. तिथेही वाक्याच्या शेवटी येणारा ‘का’ प्रश्न करतो आणि ‘ने’ दुजोरा मागतो. मराठीशी त्याचं काही नातं नाही, पण जपानी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याचा पहिला धडा त्यामुळे हलका होतो.

खरी गुंतागुंत सुरू होते ती प्रश्नातच नकार आला की. "तू येणार नाहीस का?" याला कुणी नुसतं "हो" म्हटलं तर काय समजायचं? हो, येणार नाही? की हो, येणार आहे? मराठीत "हो" हे बरेचदा समोरच्याच्या म्हणण्याला दिलेलं उत्तर असतं, घटनेला नव्हे. म्हणून "हो, नाही येणार" हे वाक्य मराठीत बिनबोभाट चालतं. इंग्रजीत मात्र न येणाऱ्याने ‘नो’च म्हणावं लागतं. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या आणि मराठी माध्यमात शिकलेल्या दोन भावंडांचा फोनवर यावरून घोळ होऊ शकतो. सुज्ञ माणसं म्हणून क्रियापदासकट उत्तर देतात.

नकाराला ‘ना’ जोडला की कल आणखी पक्का होतो. "काही त्रास नाही ना?" विचारणाऱ्याला "नाही" हवं असतं. घरात हे प्रेमाने विचारलं जातं आणि त्यात काही बिघडत नाही. दवाखान्यात मात्र बिघडतं. औषध लिहून देताना डॉक्टर सहज म्हणतात, "कसली अ‍ॅलर्जी नाही ना?" किंवा उठता उठता, "आणखी काही नाही ना?" रुग्णाला खरं तर गुडघेदुखीबद्दलही विचारायचं असतं, पण प्रश्नानेच उत्तर सुचवलेलं असतं, बाहेर रांग असते, आणि तोंडातून "नाही" निघून जातं.

इंग्रजीत याची चक्क परीक्षा झालेली आहे. जॉन हेरिटेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णांनी आत जाण्यापूर्वीच आपल्या तक्रारी कागदावर लिहून दिल्या होत्या, त्यामुळे कोणती तक्रार बोलायची राहिली हे नंतर मोजता येत होतं. काही डॉक्टरांना सांगण्यात आलं की मुख्य तक्रार ऐकून झाल्यावर "आणखी एनीथिंग आहे का?" अशा धर्तीवर विचारा, काहींना सांगितलं की "समथिंग आहे का?" असं विचारा. बाकी वाक्य तेच. इंग्रजीत ‘एनी’ नकाराच्या बाजूला झुकतो, ‘सम’ होकाराच्या. ‘समथिंग’ने न बोललेल्या तक्रारी 78 टक्क्यांनी घटल्या. ‘एनीथिंग’ विचारणं आणि न विचारणं यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. भेटीचा वेळही लक्षात येण्याइतका वाढला नाही.

मराठीत ‘सम’ आणि ‘एनी’ असे दोन शब्द नाहीत, दोन्हींना ‘काही’च आहे. त्यामुळे हा झुकाव मराठीत क्रियापदावर आणि शेवटच्या अव्ययावर येऊन पडतो. "आणखी काही नाही ना?" सगळ्यात बंद. "आणखी काही आहे का?" मधलं. "आणखी काय काय होतंय?" सगळ्यात मोकळं, कारण त्यात काहीतरी होतंय हे धरलेलंच आहे. अ‍ॅलर्जीसारख्या बाबतीत तर "आजवर कुठल्या गोळीने अंगावर पुरळ उठलं होतं?" असं विचारणं जास्त उपयोगी, कारण त्याला "नाही" म्हणायच्या आधी माणूस आठवून बघतो.

दवाखान्यात जे नकळत होतं, ते न्यायालयात कायद्याने अडवलेलं आहे. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 141 मध्ये सूचक प्रश्नाची व्याख्या होती: विचारणाऱ्याला जे उत्तर हवं आहे किंवा अपेक्षित आहे ते सुचवणारा प्रश्न. आपल्याच साक्षीदाराच्या सरतपासात, विरोधी बाजूने हरकत घेतली तर, असा प्रश्न न्यायालयाच्या परवानगीशिवाय विचारता येत नाही. उलटतपासात विचारता येतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम 146 खाली तीच व्यवस्था आहे. व्याख्येत ‘ना’चं नाव नाही, पण मराठीत चालणाऱ्या तपासात ती ‘ना’ला जशीच्या तशी लागू पडते.

एक कल्पित तपास घेऊ. सरकारी वकील आपल्या साक्षीदाराला विचारतात, "त्या रात्री तुम्ही घरीच होतात ना?" समोरचे वकील लगेच उभे राहतात. मग प्रश्न बदलतो, "त्या रात्री तुम्ही कुठे होतात?" यावर हरकत नाही. मधला प्रकार "त्या रात्री तुम्ही घरी होतात का?" हा असतो, आणि त्यावर वाद होऊ शकतो. ‘का’ने दोन्ही दारं उघडी ठेवली असली तरी घराचं नाव वकिलानेच घेतलेलं आहे. म्हणजे नुसत्या अव्ययावर प्रश्न सूचक ठरत नाही. वादाचा मुद्दा काय आहे आणि तो कुणाच्या तोंडून आधी आला, हेही पाहावं लागतं.

पुढे उलटतपास येतो. आता विरोधी वकील म्हणतात, "म्हणजे तुम्ही त्या रात्री घरी नव्हतात ना?" साक्षीदार म्हणतो, "नाही." हे "नाही" कशाला? नव्हतो, म्हणून नाही? की तुमचं म्हणणं खोटं, म्हणून नाही? गल्लीत हे सुरावरून कळलं असतं. न्यायालयात ते कागदावर उतरायचं असतं, आणि साक्ष बहुधा प्रश्नोत्तरांच्या रूपात न लिहिता साक्षीदाराच्या तोंडच्या निवेदनासारखी लिहिली जाते. मग त्या एका "नाही"चं वाक्य होतं: "मी त्या रात्री घरी नव्हतो हे म्हणणे खरे नाही." मराठीत नोंदलेल्या साक्षी वाचणाऱ्याला ही "हे म्हणणे खरे आहे की", "हे म्हणणे खरे नाही की" अशी वाक्यांची रांग ओळखीची असते. ‘ना’ त्यातून नाहीसा झालेला असतो. वकिलाने किती जोर लावला, साक्षीदार किती अडखळला, यातलं काही उरत नाही. म्हणून अनुभवी न्यायाधीश अशा जागी थांबवून पुन्हा विचारतात, "घरी होतात की नव्हतात?" हा ‘की’ दोन पर्याय मांडणारा, त्याला "नाही" हे उत्तर देताच येत नाही.

इंग्रजीने हे सगळं काम एका छोट्या अव्ययावर सोपवलेलं नाही. तिथे प्रत्येक वाक्याला मापाची वेगळी शेपटी शिवावी लागते. वाक्य होकारी तर शेपटी नकारी, वाक्य नकारी तर शेपटी होकारी. शिवाय काळ, कर्ता, सहायक क्रियापद सगळं जुळलं पाहिजे. ‘आय अ‍ॅम’ला ‘आरन्ट आय’, ‘लेट्स’ला ‘शॅल वी’ आणि ‘नोबडी’ला ‘डिड दे’ लागतं, हे पाठ करता करता पोरं मेटाकुटीला येतात. वर्गात शिकवलं जातं ते फक्त शेपटीचं शिवणकाम. तिचा सूर चढला तर खरा प्रश्न आणि उतरला तर दुजोऱ्याची मागणी, हे सहसा सांगितलं जात नाही. आणि कानाने ऐकणाऱ्याला तर तेच आधी लागतं. होकारी वाक्याला होकारी शेपटी लावली, म्हणजे "सो यू आर अ डॉक्टर, आर यू?" असं म्हटलं, की त्यात बरेचदा संशय किंवा टोमणा येतो. मराठीत ते काम "डॉक्टर काय!" या दोन शब्दांत होतं.

भारतात बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीने या शिवणकामातून सरळ सुटका करून घेतली. "यू आर कमिंग, इजन्ट इट?" किंवा "ही वेंट यस्टरडे, नो?" ही वाक्यं मुंबईच्या कुठल्याही कचेरीत ऐकू येतात. शिक्षक त्याखाली लाल रेघ मारतात, आणि परीक्षेपुरतं ते ठीकच आहे. पण मूळचे काश्मीरचे भाषाशास्त्रज्ञ राकेश भट्ट यांनी या ‘इजन्ट इट’कडे चूक म्हणून न पाहता रीत म्हणून पाहिलं. "तू करतो म्हणाला होतास, डिडन्ट यू?" यात पकडल्याचा सूर आहे, तेच "इजन्ट इट?"ने मवाळ होतं, असं त्यांचं म्हणणं. मराठी कानाला हे पटायला वेळ लागत नाही, कारण ती शेपटी कपड्याने इंग्रजी असली तरी हाडाची ‘ना’च आहे. लंडनच्या रस्त्यावरचं ‘इनिट’ही कुठल्याही वाक्याला असंच लागतं, आणि त्यावर तिथले मास्तरही नाराज असतात.

अशा शेपट्यांवरून माणसाचा स्वभाव ठरवण्याची घाई मात्र विद्वानांनीही केलेली आहे. 1970 च्या दशकात रॉबिन लॅकॉफ यांनी मांडलं की बायका अशी प्रश्नपुच्छं जास्त वापरतात आणि त्यातून त्यांच्या बोलण्यात अनिश्चितता येते. 1975 मध्ये दोन संशोधिकांनी, ड्यूब्वा आणि क्राउच यांनी, एका विद्वत्सभेतलं बोलणं तपासलं. तिथे 33 प्रश्नपुच्छं सापडली. ती सगळी पुरुषांची होती. नंतर न्यूझीलंडमध्ये जॅनेट होम्स यांनी मोजण्याआधी वर्गवारी केली: काही पुच्छं खरोखर खात्री नसल्याची असतात, काही समोरच्याला बोलतं करण्याची. त्यांच्या नोंदींत पुरुषांकडे पहिली जास्त निघाली, बायकांकडे दुसरी. मराठीतही "काल ना, मी ना, बाजारात गेले ना" असं बोलणाऱ्या मुलीला घरातले हसतात. पण त्या प्रत्येक ‘ना’ला समोरची मैत्रीण "हं" म्हणत असते. इथला ‘ना’ वाक्याच्या मधे बसून ऐकणारीला धरून ठेवतो. अनिश्चिततेचा त्याच्याशी काही संबंध नाही.

पाहुण्याला "आता जेवूनच आला असाल ना?" असं विचारण्याचा जो विनोद पुणेकरांच्या नावावर खपवला जातो, त्याची सगळी मदारही या ‘ना’वरच आहे. "जेवायचं आहे का?" यात पाहुण्याला वाव आहे. ‘असाल ना’मध्ये उत्तर यजमानाने आधीच वाढून ठेवलेलं असतं, आणि ते नाकारायचं तर पाहुण्याला उघड भूक सांगावी लागते. मराठी सभ्यतेत ते अवघड.

फोनवरच्या निरोपांत सूर ऐकू येत नाही, तेव्हा हा सगळा भार अक्षरांवर आणि चिन्हांवर येतो. "पोचलास का" एवढंच लिहिलं, प्रश्नचिन्ह विसरलं, तरी अडत नाही. ‘का’ स्वतःच प्रश्नचिन्हाचं काम करतो. "पोचलास ना" मात्र तसं सोडलं तर वाचणारा अडखळतो. काळजी आहे, की झालं ते झालं म्हणून सोडून दिलंय, की भांडण उकरून काढलंय? "पोचलास ना?" म्हटलं की बरंचसं स्पष्ट होतं. "पोचलास ना रे?" म्हटलं की उरलेलंही, कारण ‘रे’, ‘गं’, ‘हो’ ही संबोधनं ‘ना’च्या मागे लागली की टोक बोथट होतं. त्यांचा क्रमही ठरलेला आहे: ‘ना रे’, ‘का गं’, ‘नाही का हो’. "पोचलास रे ना?" असं कुणी लिहीत नाही, आणि तसं लिहू नये हे कुणाला कुठल्या शाळेत शिकवलेलंही नसतं.